आधी बोट, मग तबला

सईला साडेपाच पूर्ण झाली तेव्हा नागपूरच्या त्रिमूर्तीनगरातल्या आमच्या इमारतीत क्लासचं वारं सुटलं होतं. दोन मुलं कीबोर्डला जात होती, एक गिटारला. सई घरात दिवसभर काही ना काही बडवत असायची: डब्याचं झाकण, सोफ्याची कड, आजोबांच्या चष्म्याचं घर. येणारा-जाणारा म्हणायचा, हिला कुठेतरी लावून टाका. मी जवळच्या एका क्लासला फोन केला. त्यांनी वय विचारलं, फी सांगितली आणि सोमवारपासून पाठवा म्हणाले. मूल शिकायला तयार आहे की नाही हे तुम्ही बघता कशावरून, असं मी विचारलं. "पाच पूर्ण झाली ना? मग झालं," असं उत्तर आलं.

माझे सासरे भजनातले. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची भजनं खंजिरीवर म्हणणाऱ्या मंडळात त्यांची उमर गेली. ते म्हणाले, "काऊन एवढी घाई? पोरगी आधी बसली तर पाहिजे एका जागी." त्यांच्या मंडळात पूर्वी तबल्याच्या साथीला येणारे एक जण आता महाल भागात मुलांना शिकवतात. त्यांना नुसतं दाखवून आणू, शिकवणीचं नंतर बघू, असं ठरलं. पावसाळा नुकताच लागला होता.

सरांनी तबल्याला हातच लावू दिला नाही. सईला समोर मांडी घालून बसवलं आणि म्हणाले, मी म्हणतो तसं म्हण: "धा धिं धिं धा." सईने ते लगेच म्हटलं. मग ते तिच्याकडून प्रत्येक अक्षराला एक टाळी देऊन म्हणवून घेतलं. तेही जमलं. मला वाटलं, झालं. मग सर म्हणाले, "आता तू नुसती टाळी देत राहा, मी काहीही केलं तरी तुझी टाळी बदलायची नाही." आणि त्यांनी तेच बोल दुपटीत म्हणायला सुरुवात केली. दोन आवर्तनांत सईची टाळीही दुप्पट झाली. तिला ते कळलंसुद्धा नाही, ती खुशीत हसत होती. मग त्यांनी उलटं केलं. टाळी अगदी संथ ठेवायला सांगितली, दोन टाळ्यांमध्ये चांगली जागा सोडून. ते तर तिला मुळीच झेपेना. मधली रिकामी जागा दिसली की ती त्यात एक टाळी टाकून द्यायची.

सर म्हणाले, यात काही वावगं नाही. लहान मुलांची स्वतःची चाल जलद असते, संथ लय धरून ठेवणं त्यांना जलद लयीपेक्षा कठीण जातं, आणि समोरच्याची लय बदलली की ती त्याच्या मागे जातात. वयाप्रमाणे हे सुटतं, कुणाचं पाचव्या वर्षी, कुणाचं सातव्या. ते सुटायच्या आधी मूल क्लासला बसवलं तर शिक्षकाचा सगळा वेळ लय धरून ठेवण्यात जातो आणि मुलाला वाटतं आपल्याला हे येत नाही.

मग बोटाची परीक्षा झाली, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची तीच होती. सरांनी सईचा उजवा हात बैठ्या टेबलावर पालथा ठेवला. अनामिका टेबलाला चिकटून ठेवायची, म्हणजे करंगळीशेजारचं बोट, आणि तर्जनी उचलून टेबलावर आपटायची. अनामिका हलली की बाद. सई तर्जनी उचलायला जायची आणि तिच्याबरोबर अख्खा पंजा वर यायचा. डाव्या हाताने उजवी अनामिका दाबून धरायची युक्ती तिने काढून पाहिली, त्यावर सरही हसले.

हे बोटाचं काय, ते त्यांनी मला तबल्यावर दाखवलं. तबल्यावरचं पहिलं अक्षर म्हणजे "ना". अनामिका शाईच्या, म्हणजे मधल्या काळ्या गोलाच्या, कडेला अलगद टेकलेली राहते आणि तर्जनी चाटेवर, म्हणजे कातड्याच्या पुडीच्या बाहेरच्या कडपट्टीवर, चटका मारून परत येते. अनामिका उचलली गेली तर आवाज उघडा होतो, घुमतो. दाबून धरली तर आवाज मरतो. दोन्हीच्या मध्ये तो खणखणीत "ना" असतो. ज्या मुलाचं एक बोट स्थिर आणि दुसरं मोकळं राहत नाही त्याला "ना" लागणारच नाही, मग शिक्षक कितीही चांगला असो. टेबलावरची ती परीक्षा घरी कुणालाही घेता येते आणि तिला पैसे लागत नाहीत.

शेवटी त्यांनी एक गोष्ट मुद्दाम केली, ती मला तेव्हा कळली नव्हती. सईने बरोबर म्हटलेला बोल ते "असं नाही, असं" म्हणून पुन्हा सांगत राहिले, जरासा फरक करून. तीन वेळा ती करत राहिली, चौथ्यांदा तिने मान फिरवली आणि माझ्या मांडीत शिरली. सर म्हणाले, "ताई, चूक सांगितल्यावर मूल किती वेळा पुन्हा करून पाहतं, ते मी मोजतो. हुशार आहे की नाही ते मला नको असतं. दिवाळीनंतर आणा."

घरी करायला त्यांनी दोनच गोष्टी दिल्या. एक, टेबलावरचं बोट. ते आम्ही जेवणाआधी ताट येईपर्यंत खेळायचो. आधी अनामिकेखाली रुपयाचं नाणं ठेवायचं, ते सरकू द्यायचं नाही. दुसरी, टाळी. तिने टाळी देत राहायची आणि आजोबांनी खंजिरी वाजवायची, कधी एकपट, कधी दुप्पट, कधी मध्येच थांबायचं. आजोबा थांबले तरी हिची टाळी चालू राहिली पाहिजे. आजोबांना हा खेळ इतका आवडला की दुपारची झोप सोडून ते तिची शाळेची बस यायची वाट बघत बसायचे. खंजिरी सईच्या हातातही दिली, पण एका हातात उभी धरून दुसऱ्या हाताने वाजवायची म्हणजे धरणारा हात पाच मिनिटांत गळून जायचा.

मधल्या काळात वाद्य कोणतं, यावर घरात बराच खल झाला. माझा नवरा कीबोर्डच्या बाजूचा. त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं: पट्टी दाबली की सूर बरोबरच येतो, सुरात लावायची कटकट नाही, सा रे ग म डोळ्यांना दिसतात. आम्ही शेजारच्यांचा कीबोर्ड काही दिवस मागून आणला. पट्ट्या खेळण्यातल्यासारख्या अरुंद नव्हत्या, पूर्ण मापाच्या होत्या, हे आधी बघून घेतलं, कारण अरुंद पट्ट्यांवर बसलेला हात पुढे मोठ्या वाद्यावर पुन्हा बसवावा लागतो. अडचण वेगळीच निघाली. त्यावर तयार ठेक्यांची बटणं होती. सई ठेका लावायची आणि त्याबरोबर टेबल बडवायची. पट्ट्यांकडे ती वळायचीच नाही. आईबापांनी यावर चिडायचं कारण नाही, उलट ही फुकटात मिळालेली माहिती होती. गाणं लागलं की काही मुलं चाल गुणगुणतात, काही ठेका धरतात. सई गाण्यातली चाल विसरायची, पण मधला तिहाईसारखा, तीनदा येणारा तुकडा बरोबर त्याच जागी हाताने वाजवायची.

पेटी आमच्या घरात होतीच, सासूबाईंच्या माहेरची. पेटीपुढे बसवलं तेव्हा तिचा खांदा आणि पट्ट्या जवळपास एकाच उंचीवर आल्या आणि कोपर हवेत तरंगायला लागलं. खाली चादरीची घडी घालून बसवली तेव्हा हात सरळ आला, पण मग डावा हात भात्यापर्यंत नीट जाईना. भात्याचं एक लक्षण लक्षात ठेवण्यासारखं आहे. मूल तयार नसेल तर ते प्रत्येक सुराला एकदा भाता ओढतं, सूर बदलला की भाता थांबतो, आवाज हिसके देत येतो. डाव्या हाताने सावकाश, एकसारखी हवा भरत राहून उजव्याची बोटं वेगळ्या चालीने चालवता आली तर पेटीची वेळ आली असं समजायला हरकत नाही. म्हणजे पुन्हा तेच: एक हात स्वतःच्या लयीत राहतो की दुसऱ्यामागे फरपटतो.

बासरी लवकर बाद झाली. सईचे पुढचे दात त्याच महिन्यात हलायला लागले होते, आणि ओठांची फुंक बसवायला समोरचे दात असलेले बरे. शिवाय दुकानातल्या बासरीची भोकं तिच्या बोटाच्या पेरांनी पूर्ण झाकलीच जात नव्हती. एक जरी भोक किंचित उघडं राहिलं की फुसफुस येते, आणि मुलाला कळत नाही की फुंक चुकली की बोट. मामाच्या गिटारच्या पोलादी तारांनी तिची बोटं दुखली. नायलॉनच्या तारांची लहान गिटार मिळते, पण त्याचा विचार आम्ही पुढे नेला नाही.

व्हायोलिनने मात्र मला मोह पाडला होता. मुलांसाठी ते पाव, अर्धं, पाऊण अशा मापांत मिळतं, हात पसरून मानेपासून तळव्यापर्यंतचं अंतर मोजून माप ठरवतात, म्हणजे शरीराचा प्रश्न सुटलेला. पण त्यावर पट्ट्या नाहीत, सूर कानाने शोधावा लागतो. शिक्षक आठवड्यातून दोनदा भेटणार, बाकी दिवस बोट कुठे पडतंय ते घरात ऐकणारं कुणी हवं. आमच्या घरात सुराचा तसा पक्का कान कुणाचाच नाही. लयीचा आहे, आजोबांचा. वाद्य निवडताना मुलाच्या कलाबरोबर हेही धरावं, असं मला वाटतं: रोजच्या रियाझाला घरात कोण बसणार आणि त्याला काय ऐकू येतं.

तबला घ्यायला माझ्या सासूबाईंचा आक्षेप एकच होता, की त्यात सूर नाही, मग गाणं कसं येणार. तबला सुरात लावावा लागतो, हे त्यांना माहीत होतं, पण ते मुलाच्या कानाला काय देतं हे मलाही सरांकडून कळलं. साध्या ढोलाच्या कातड्यातून निघणारे उपस्वर, म्हणजे मूळ सुराबरोबर उमटणारे बारीक सूर, एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून त्यात नेमका सूर लागत नाही. तबल्याची शाई ते जुळवून आणते. हे सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्येच लिहून ठेवलंय. त्यामुळे रोज षड्जात लावलेल्या तबल्यावर "ना" वाजवणारं मूल रोज षड्ज ऐकत असतं.

दिवाळीनंतर पुन्हा गेलो. सरांनी दुपटीत बोल म्हटले, सईची टाळी डगमगली, पण परत जागेवर आली. ती परत येते की नाही, एवढंच बघायचं असतं, असं ते म्हणाले. टेबलावर अनामिका राहिली. आणि "असं नाही, असं" तिने सहन केलं, जरा तोंड वाकडं करून.

वाद्य घ्यायला सरांनी दोन बजावण्या दिल्या होत्या. बर्डीवरच्या एका दुकानात आम्हाला आधी "बेबी तबला" दाखवला. दिसायला गोजिरवाणा, पण त्याच्या पुडीवर चार जागी वाजवलं तर चार वेगवेगळे सूर. तो खेळणं आहे, सुरात लागणार नाही, हे ओळखायची हीच खूण. मुलांसाठी वेगळं वाद्य लागत नाही, लहान तोंडाचा खरा तबला लागतो. तोंड जितकं लहान तितका सूर चढा, म्हणून मुलाच्या हाताला बसणारा तबला आपोआप काळी एकचा, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुराचा, किंवा त्याच्या वरच्या पट्टीचा येतो. आम्ही सव्वापाच इंची घेतला, काळी एकचा. खर्जातले मोठ्या तोंडाचे तबले स्वस्तात जुने मिळतात, पण त्यावर लहान मुलाची अनामिका शाईच्या कडेला आणि तर्जनी चाटेवर एकाच वेळी पोचत नाही.

शाईवर बारीक भेगांची जाळी दिसली म्हणून नवरा एक तबला परत ठेवत होता. त्या भेगा असायच्याच असतात, शाई तशीच घोटतात. बघायचं ते हे की कुठे कण सुटलाय का, कारण मग प्रत्येक थापेला झणझण येते. बोट जवळ ठेवून हलकेच वाजवलं की ती कळते.

डाव्या हाताने वाजवायच्या डग्ग्याचं मात्र आम्हाला आधी सुचलं नव्हतं. नेहमीच्या डग्ग्यावर सई मनगट टेकवायची आणि तिची बोटं शाई ओलांडून पलीकडे पोचायचीच नाहीत. सरांनी त्यांच्याकडचा जुना, जरा लहान डग्गा वापरायला दिला आणि सईच्या खाली सतरंजीच्या दोन घड्या घालायला सांगितल्या. बसल्यावर कोपर पुडीच्या पातळीच्या जरा वर आलं पाहिजे. खाली राहिलं तर मूल खांदे उचलून वाजवतं आणि काही दिवसांत खांदा दुखतो म्हणायला लागतं. दर काही महिन्यांनी एक घडी काढायची.

पहिले कित्येक आठवडे फक्त "ना" आणि "ता", मग "तिं". दिवसातून दोनदा दहा-दहा मिनिटं, त्याहून जास्त सरांनी बंदच केलं होतं. तर्जनीच्या पेराला लाली यायची, ती चालते. मनगट दुखलं तर मात्र हात चुकतोय, लगेच दाखवा, असं त्यांनी सांगून ठेवलं होतं. "धा धा ति ट धा धा तू ना" हा पहिला कायदा, म्हणजे रियाझाची बांधीव रचना, यायला उन्हाळा उजाडला. तोवर सई बोल हातापेक्षा तोंडाने जास्त म्हणायची, आंघोळ करतानाही. सरांना तेच हवं होतं. बोल तोंडात बसला नसेल तर हातात येत नाही, आणि मूल घरी आपणहून बोल म्हणायला लागलं की वाद्य बरोबर निवडलं गेलंय, यावर त्यांचा भरवसा आहे.

उन्हाळ्याने मला तबला लावायला शिकवलं. नागपूरच्या एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत कातडं ताणतं आणि सूर चढतो. दुपारी कूलर लावला की खोलीत दमट होतं आणि तो उतरतो. मुलाला हे जमणारं काम नाही, हातोडी मोठ्यांनीच हाती घ्यायची. गजऱ्यावर, म्हणजे पुडीच्या कडेच्या वेणीवर, वरून हलका ठोका दिला की सूर चढतो, खालून वर दिला की उतरतो. फरक फारच असेल तर वादीखालचे, म्हणजे चामड्याच्या पट्ट्यांखालचे, लाकडी गठ्ठे सरकवायचे. पुडीच्या कडेची समोरासमोरची घरं, म्हणजे दोन वाद्यांमधल्या जागा, वाजवून बघत गोल फिरायचं, म्हणजे सगळीकडे सारखा येतो. मला पहिल्यांदा अर्धा तास लागला आणि सई मधूनच "आई, इथे वेगळं येतंय" म्हणून बोट दाखवत होती, बहुतेक वेळा बरोबर. तबला कूलरच्या झोतात ठेवायचा नाही, हे तेव्हापासून घरात पक्कं झालंय. ज्यांना हे सगळं नकोच वाटतं त्यांच्यासाठी नटबोल्टचे तबले मिळतात, पान्याने लावता येतात.

आता इमारतीतले पालक मला विचारतात, परीक्षेला कधी बसवणार, दहावीत शास्त्रीय कलेचे वाढीव गुण असतात ना. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची "प्रारंभिक" ही पहिली परीक्षा, पण सरांनी दोन वर्षं तिचं नाव काढायचं नाही असं सांगितलंय. परीक्षेचे ताल पाठ करून घेणं सोपं असतं, पाठ झाल्यावर हात सुधारत नाही, असा त्यांचा अनुभव. फीही त्यांनी एकदम वर्षाची घेतली नाही, महिन्याची घेतात. पहिल्या तीन महिन्यांनंतर ते आणि मी बसून ठरवलं, पुढे जायचं की थांबायचं. तेव्हा सईला त्यांनी बाहेर खेळायला पाठवलं होतं आणि मला दोनच प्रश्न विचारले: घरी न सांगता बसते का, आणि तुम्ही चूक सांगितली तर रागावते का. पहिल्याला मी "कधी कधी" म्हटलं, दुसऱ्याला "हो, पण परत वाजवते". त्यांना तेवढं पुरलं.

परवा खालच्या मजल्यावरच्या वहिनी त्यांच्या मुलाला घेऊन आल्या, तो साडेचार वर्षांचा. तबला कितीला मिळाला विचारत होत्या. सईनेच त्याचा हात टेबलावर पालथा घातला आणि अनामिकेखाली नाणं सरकवलं. तर्जनीबरोबर पंजा वर आला, नाणं टेबलावरून खाली गेलं. वहिनींना म्हटलं, दुकानात जायची अजून गरज नाही, नाणं घरी घेऊन जा.